सहा वाक्यांचं स्वागत, 34 दिवसांचं काम

आमची फाउंड्री, म्हणजे साच्यात लोखंड ओतून कास्टिंग करायचा कारखाना, बेळगावात, उद्यमबागेत. माणसं साधारण 80, ऑफिसात आम्ही सहाजण. हजेरी, पगारपत्रक, पीएफ-ईएसआयचे फॉर्म, नव्या माणसाची कागदपत्रं हे सगळं माझ्याकडं. कंपनीचं फेसबुक आणि लिंक्डइनवर पान आहे हे मला माहीत होतं, पण दसऱ्याच्या आणि राज्योत्सवाच्या शुभेच्छा सोडल्या तर तिथं वर्षभर काही पडायचं नाही.

6 ऑगस्ट 2025 ला दुपारी अण्णांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, बोलावून घेतलं. मेथड्स विभागासाठी पुण्याहून एक मॅडम येणार होत्या. ऑफर लेटर त्यांनी स्वीकारलं होतं. अण्णा म्हणाले, "त्या आल्या की पानावर चांगलं स्वागत घाल. मायेनं लिही. आणि त्यांच्याबद्दल घरातल्यासारखं काहीतरी एक असू दे, नुसतं पद नको."

मी हो म्हटलं आणि जागेवर येऊन बसले. मला वाटलं, संध्याकाळपर्यंत होईल. शेवटी ते 9 सप्टेंबरला पानावर गेलं. मधल्या 34 दिवसांत काय काय झालं ते इथं लिहून ठेवते. माझ्यासारखं एकटीनं हे काम अंगावर घेणारं कुणी असेल तर त्यांना पुढची पायरी आधी दिसेल.

पहिली अडचण आली ती पानाच्या किल्लीची. लिंक्डइनवरचं आमचं पान 2019 साली एका इंजिनिअरनं स्वतःच्या खात्यावरून काढलं होतं. तो 2021 मध्ये नोकरी सोडून गेला आणि पानाचा एकमेव सुपर ॲडमिन तोच राहिला. दुसऱ्याला ॲडमिन करण्याचा अधिकार सुपर ॲडमिनलाच असतो. मी माझ्या खात्यावर सध्याची नोकरी म्हणून आमची कंपनी भरली, पानावरून ॲडमिन होण्याची विनंती पाठवली आणि वाट पाहिली. विनंती गेली त्याच इंजिनिअरकडं, आणि तो ते खातं महिनोन्महिने उघडत नव्हता. 11 तारखेला विनंती केली. 18 ला पगारपत्रकाच्या जुन्या फाइलीतून त्याचा नंबर शोधून फोन केला. तो चांगला माणूस, "अरे, ते अजून माझ्याकडंच आहे काय?" म्हणाला आणि 20 तारखेला त्यानं मला आणि अण्णांना दोघांनाही सुपर ॲडमिन करून स्वतःचं नाव काढून टाकलं. नऊ दिवस गेले. दोघांची नावं घालून घ्यायचं मात्र आवर्जून करा, कारण उद्या मीही रजेवर असेन.

तोवर मी मजकूर लिहायला घेतला होता. पहिला मसुदा इतर कंपन्यांची पानं बघून लिहिला. "आम्हाला कळविण्यास अत्यंत आनंद होत आहे की आमच्या परिवारात एका अनुभवी आणि उत्साही सदस्याचं आगमन होत आहे" असं पहिलं वाक्य होतं. पानावर सुरुवातीच्या दोन-तीन ओळीच दिसतात, बाकीचं वाचायला 'आणखी पाहा'वर बोट ठेवावं लागतं. माझ्या त्या दोन ओळींत ना मॅडमचं नाव आलं होतं, ना त्या काय काम करणार ते. वाचणाऱ्यानं तिथंच सोडलं असतं तर त्याला फक्त आमचा आनंद कळला असता. तेव्हा ठरवलं की पहिल्या वाक्यात नाव, विभाग आणि रुजू झाल्याची तारीख, आणि आनंद मथळ्यातल्या दोन शब्दांत.

दुसरं म्हणजे मेथड्स हा शब्द. कारखान्यात तो सगळ्यांना कळतो, पण फेसबुकचं पान आमच्या मोल्डरांच्या घरचे, त्यांची मुलं, गावाकडचे पाहुणे वाचतात. मी पॅटर्न शॉपमधल्या, म्हणजे साच्यासाठी लाकडी नमुने करतात तिथल्या, काकांकडं गेले आणि विचारलं, या मॅडम नक्की काय करणार? काकांनी टेबलावरच्या धुळीत बोटानं एक चौकोन काढला. "हा साचा. लोखंड इथनं ओतलं की ते हिकडनं आत जातंय. गार होताना लोखंड आकसतंय. आकसलं की जाड भागात पोकळी पडतीय. ती पडू नये म्हणून शेजारी जास्तीचं लोखंड साठवून ठेवायचं, त्याला रायझर म्हणायचं. रायझर आधी गोठला तर कास्टिंग उपाशी राहतंय. तो कुठं ठेवायचा, केवढा ठेवायचा, ते मॅडम ठरवणार." पोस्टमधलं कामाचं वाक्य मला तिथं मिळालं. ऑफर लेटरवरचं पद जसंच्या तसं उचललं असतं तर ते कुणाच्याच डोळ्यासमोर उभं राहिलं नसतं.

आता घरातल्यासारखं काहीतरी. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात कागदपत्रांसाठी मॅडमशी फोनवर दोन-तीनदा बोलणं झालं. बोलता बोलता त्या म्हणाल्या होत्या की सात वर्षं पुण्यात काढली, आता आईची तब्येत बरी नसते, म्हणून बेळगावला परत येतेय. मला ते मनापासून भिडलं. मीही माझ्या आईजवळ राहते. मी मसुद्यात लिहिलं, 'आईच्या सेवेसाठी पुण्याची मोठी नोकरी सोडून त्या आपल्या मातीत परत आल्या आहेत.' ते वाक्य मला त्या वेळी फार आवडलं होतं. ऑफिसात दोघांना वाचून दाखवलं, त्यांनाही आवडलं.

खरं तर 22 ऑगस्टला मजकूर तयार होता, आणि अण्णा म्हणाले की गणपतीच्या आधी घालून टाकू. पण मी फाइल उघडून बघितली. जुन्या कंपनीतला त्यांचा शेवटचा दिवस 30 ऑगस्ट होता. नोटीस पिरियड चालू होता, रिलिव्हिंग लेटर हातात पडलं नव्हतं. अशा वेळी नव्या कंपनीच्या पानावर नाव आलं तर जुन्या ठिकाणी हिशेब, पत्र, उरलेली रजा यात विनाकारण ताण येऊ शकतो. काहींनी जुन्या ठिकाणी कुठं चाललोय ते सांगितलेलंही नसतं. शिवाय ऑफर स्वीकारूनही ऐनवेळी न येणारी माणसं मी पाहिली आहेत. म्हणून मी अण्णांना म्हटलं, त्या येऊन हजेरीच्या मशीनवर बोट ठेवू देत, मग घालू. ते लगेच हो म्हणाले.

27 ऑगस्टला गणेश चतुर्थी झाली. सोमवारी, 1 सप्टेंबरला सकाळी पावणेनऊला मॅडम गेटवर हजर. गणपतीचे दिवस, म्हणून त्यांनी मोदकांचा डबा आणला होता. रुजू होण्याचे फॉर्म भरून झाल्यावर कँटीनमध्ये चहा घेताना मी त्यांना सांगितलं की पानावर तुमच्या स्वागताचं लिहिलंय, बघाल का?

त्यांनी मोबाईलवर वाचलं. आईच्या वाक्यापाशी थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, "ताई, हे एवढं काढाल काय? आई फेसबुकवर सगळं वाचते. तिला वाटेल, माझ्यामुळं हिनं नोकरी सोडली. मी तिला तसं कधी म्हटलेलं नाही. बेळगावात चांगलं काम मिळालं म्हणून आले, एवढंच तिला माहिती आहे."

मी ते तिथल्या तिथं खोडलं. त्यानंतर बराच वेळ तेच डोक्यात होतं. वाक्य खरं होतं, प्रेमानं लिहिलं होतं, पण ते सांगण्याचा अधिकार माझा नव्हता. त्यांनी मला ते रुजू होण्याची तारीख ठरवताना सांगितलं होतं, पानावर घालायला नव्हे. तेव्हापासून मी एक कसोटी धरली आहे. ती गोष्ट वाचून गेटवरचा वॉचमन, कोइमतूरचा एखादा ग्राहक किंवा लांबचा पाहुणा येऊन त्याबद्दल विचारेल तेव्हा त्या माणसाला हसत उत्तर देता येईल का? आजारपण, लग्न, मूल, गाव सोडण्याचं कारण, देवधर्म, जात यांतलं काहीही या कसोटीला उतरत नाही. वाढदिवसही मी घालत नाही, कारण जन्मतारीख ही बँकेपासून सगळीकडं ओळख पटवायला लागते.

मग मी सरळ विचारलं, "तुम्हाला कशाबद्दल विचारलेलं आवडेल?" त्या जरा लाजल्या. म्हणाल्या, "किल्ला घाला की."

बेळगावात वाढलेल्याला हे वेगळं सांगायला नको. दिवाळी आली की गल्लीगल्लीत पोरं किल्ला बांधतात. मॅडम पुण्यात होत्या तेव्हाही दर दिवाळीला चार दिवस आधी घरी यायच्या आणि गल्लीतल्या पोरांना घेऊन किल्ला उभा करायच्या. गेल्या वर्षी येळ्ळूरचा राजहंसगड केला होता. त्यांनी सांगायला सुरुवात केली तेव्हा चहा गार झाला तरी थांबल्या नाहीत. आत विटा आणि दगड रचायचे, त्यावर तांबड्या मातीच्या पातळ चिखलात बुडवलेलं गोणपाट पसरायचं, मग वरून घट्ट माती थापायची. गोणपाट नसलं तर माती वाळताना तडकते आणि बुरूज खाली येतो. कडेला अळीव आणि मोहरी पेरायची, चार-पाच दिवसांत हिरवं होतं. वर पाण्याचं टाकं करायचं आणि त्यातून नळी काढून खाली कारंजं. "पाणी वरनं सोडलं की कुठं अडतंय, कुठं हवा धरतंय, ते मला आधी किल्ल्यात कळलं, मग कॉलेजात," असं त्या म्हणाल्या. पोस्टमध्ये हे सगळं मावणार नव्हतं, पण एक वाक्य नक्की मावत होतं.

गल्लीचं नाव मात्र मी घातलं नाही. त्या आणि आई दोघीच राहतात. गल्लीचं नाव आणि दिवाळीतला किल्ला एवढ्यावरून बेळगावात घर शोधायला दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत. त्यांनीच आधी म्हटलं होतं की गल्ली घातली तरी चालेल, पण मी कारण सांगितल्यावर त्यांनाही पटलं.

नावावरही थोडा वेळ गेला. आपल्याकडं शाळेचा दाखला, आधार, पॅन यांवर इंग्रजी स्पेलिंग एकच असेल असं नाही. कानडीच्या वळणानं लिहिलं की 'कविता'मधल्या 'त'ला टीच्या पुढं एच लागतो, मराठीच्या वळणानं नुसता टी. मॅडमच्या नावाचंही तसंच होतं. ऑफर लेटरवर आधारप्रमाणं एच होता, त्यांच्या स्वतःच्या लिंक्डइनवर नव्हता. पीएफला आधारप्रमाणं नाव द्यावंच लागतं, पण स्वागतात माणूस स्वतःला जसं लिहितो तसं लिहावं, असं मी ठरवलं. शिवाय त्यांच्या नावाची चार खाती दिसत होती. चुकीच्या बाईंना टॅग होऊ नये म्हणून त्यांच्याकडूनच त्यांच्या खात्याची लिंक मागून घेतली. आणि त्यांना विनंती केली की पोस्ट पडायच्या आधी तुमच्या खात्यावर नवी नोकरी भरा, नाहीतर लोक टॅगवर जातील आणि तिथं जुनीच कंपनी दिसेल. जुन्या कंपनीचं नावही पोस्टमध्ये घालायचं नाही असं ठरलं. 'पुण्यात सात वर्षं' एवढं पुरे होतं.

आता भाषा. आमचे ग्राहक पुणे, होसूर, कोइमतूरचे, त्यामुळं लिंक्डइनवरचा मजकूर इंग्रजीत. फेसबुकवर आमची स्वतःची माणसं, निम्मी कानडी, निम्मी मराठी. कारखान्यात एक वाक्य मराठीत सुरू होऊन कानडीत संपतं आणि कुणाचं काही अडत नाही. मी फेसबुकवर आधी कानडी आणि खाली मराठी असा मजकूर ठेवला, दोन्ही सारख्याच लांबीचे. कानडी मजकूर मी मराठीवरून ओळीला ओळ ओढून केला होता. डिस्पॅचमधल्या अक्कांनी तो वाचला आणि अर्ध्या तासात नव्यानं लिहून दिला. मराठी मजकुरातल्या 'ऊठबस'साठी मी जे काही घातलं होतं त्याचा अर्थ कानडीत व्यायाम असा होत होता. कानडी मजकूर कानडी माणसानंच लिहावा, तपासण्यापुरता देऊ नये, हे मी तिथं शिकले. 'हार्दिक स्वागत' मात्र दोन्हीकडं तेच राहिलं. अक्का फक्त शेवटचा 'त' पूर्ण उच्चारून वाचतात, तेवढाच फरक.

टायपिंगनं दोन दिवस खाल्ले. आमच्या नेहमीच्या डीटीपीवाल्यानं 350 रुपये घेऊन फोटोवरच्या मजकुराची पाटी करून दिली. त्याचं मराठी जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये होतं. पाटीवर ते सुंदर दिसत होतं, पण तोच मजकूर मी पोस्टमध्ये चिकटवला तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि कंस उमटले. कारण तसल्या फॉन्टमध्ये मुळात इंग्रजीच अक्षरं असतात, फक्त त्यांना मराठी रूप दिलेलं असतं. फॉन्ट गेला की रूप गेलं. मग मी सगळं मोबाईलवरच्या कीबोर्डनं युनिकोडमध्ये टाइप केलं आणि त्याला दिलं. तर त्याच्या फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये 'हार्दिक' फुटलं. पहिली वेलांटी 'द'च्या आधी यायची ती नंतर पडली आणि वरचा रफार सुटून 'र' पाय मोडून मोकळा उभा राहिला. हे बिघडलंय की नाही ते ओळखायला 'हार्दिक' हा शब्द फार उपयोगी आहे, त्यात वेलांटी आणि रफार दोन्ही आहेत. सॉफ्टवेअरच्या टाइपच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय निवडला आणि प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडला तेव्हा ते सरळ झालं. शेवटी मीच ठरवलं की फोटोवर फक्त नाव आणि 'हार्दिक स्वागत' दोन लिप्यांत, बाकी सगळा मजकूर पोस्टमध्ये. फोटोवरचा मजकूर सहज कॉपीही करता येत नाही आणि मोबाईलवर नीट वाचताही येत नाही.

फोटो 4 सप्टेंबरला काढला. रुजू होताना दिलेला पासपोर्ट फोटो होता माझ्याकडं, पण तो ओळखपत्रासाठी आणि ईएसआयसाठी दिलेला. ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी वापरायची, 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा गाभा साधारण हाच आहे. म्हणून नव्यानं विचारलं आणि 'हा मजकूर आणि हा फोटो पानावर घालायला माझी संमती आहे, नको वाटल्यास काढायला सांगेन' अशी दोन ओळींची ईमेल त्यांच्याकडून घेतली. टिळकवाडीतला फोटोग्राफर येऊन 600 रुपयांत 20 फोटो काढून गेला. मशीनवर उभ्या, हातात ड्रॉइंग, बाजूला ताजं कास्टिंग. फार सुरेख आले होते.

संध्याकाळी क्वालिटीच्या साहेबांना दाखवले तर त्यांनी पहिलाच फोटो मोठा करून माझ्यासमोर धरला. "हे वाच." मॅडमच्या कोपराजवळच्या पंप बॉडीवर उठावाच्या अक्षरांत ग्राहकाचं नाव आणि पार्ट नंबर होता. कास्टिंगवर ते असतंच, साच्यातूनच उठतं, आम्हाला रोज बघून ते दिसेनासं झालंय. हातातल्या ड्रॉइंगवर तर कोपऱ्यात सगळी चौकट वाचता येत होती. ग्राहकाशी गोपनीयतेचा करार असतो. त्याचा नवा भाग आमच्या पानावर दिसला असता तर स्वागत बाजूला राहून खुलासा लिहायची वेळ आली असती. एका फोटोत मॅडमची ओढणी मोकळी होती आणि डोळ्यांना गॉगल नव्हता. ऑडिटला येणारे लोक आमचं पान बघून येतात, ते हेच आधी विचारतील. 20 मधला एकही फोटो घेता आला नाही.

दुसरा फोटो मीच माझ्या मोबाईलवर काढला, 8 तारखेला सकाळी दहाला, पॅटर्न शॉपच्या दारात. उजेड समोरून, मागं जुन्या लाकडी पॅटर्नचा रॅक. काकांनी आधी रॅकमधले चालू कामाचे पॅटर्न उलटे करून ठेवले. हेल्मेट, गॉगल, ओढणी पिन केलेली. मॅडमना हसा म्हणावं लागलं नाही, कारण काका शेजारून किल्ल्याबद्दलच विचारत होते. खर्च शून्य. फोटो घालण्याआधी तो मोठा करून चारही कोपरे वाचायचे, ही सवय तेव्हापासून लागली. लिंक्डइनवर मजकूर नंतर सुधारता येतो, पण फोटो बदलता येत नाही. तो बदलायचा तर पोस्टच काढावी लागते आणि आलेल्या प्रतिक्रियाही तिच्याबरोबर जातात.

मधले दिवस तसेच गेले. 5 तारखेला ईदची सुट्टी, 6 ला अनंत चतुर्दशी. बेळगावची विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते, त्यामुळं रविवारीही कुणाचं लक्ष मोबाईलकडं नव्हतं.

मंगळवारी, 9 सप्टेंबरला सकाळी अकराला पोस्ट केली. मराठी मजकूर असा होता, नावाची जागा इथं मोकळी ठेवली आहे:

हार्दिक स्वागत!
......... 1 सप्टेंबरपासून आमच्या मेथड्स विभागात रुजू झाल्या आहेत. नव्या कास्टिंगचं ड्रॉइंग आलं की साच्यात लोखंड कुठून सोडायचं, रायझर कुठं आणि केवढा ठेवायचा, हे आता त्या ठरवतील. याआधी सात वर्षं त्यांनी पुण्यात पंप आणि व्हॉल्व्हच्या कास्टिंगवर काम केलं आहे. पॅटर्न शॉप आणि मोल्डिंगच्या मंडळींशी त्यांची रोजची ऊठबस असेल. दर दिवाळीला त्या पोरांना घेऊन मातीचा किल्ला बांधतात, गेल्या वर्षी राजहंसगड बांधला होता. यंदा कुठला, ते त्यांना भेटून विचारा.

अण्णांनी विचारलं होतं की दोन हजार रुपये भरून पोस्ट जास्त लोकांपर्यंत पोचवू या का. मी नको म्हटलं. पैसे देऊन अनोळखी लोकांसमोर एका बाईचा फोटो फिरवायचा, हे मला बरं वाटेना. त्याऐवजी पोस्ट पडल्यावर तासभर मी जागेवर बसून राहिले आणि आलेल्या प्रत्येक प्रतिक्रियेला उत्तर दिलं. बहुतेक प्रतिक्रिया किल्ल्यावर होत्या. होसूरच्या एका ग्राहकाच्या खरेदी विभागातून रायझरबद्दल एक प्रश्न आला, तो मॅडमनी फोनवर घेतला. आईनं पोस्टखाली हात जोडल्याचं चिन्ह टाकलं होतं. मॅडमनी ते मला मुद्दाम येऊन दाखवलं.

एक गोष्ट आधी सांगून ठेवली ते बरं झालं. नव्या माणसाचं नाव आणि कंपनी एकदम पानावर आली की फसवणारे त्याला शोधतात. तो नवा असतो, मालकांचा नंबर त्याला पाठ नसतो, आणि साहेबांना नाही कसं म्हणायचं असं वाटतं. मी पोस्ट करायच्या आधीच मॅडमना अण्णांचा खरा नंबर सेव्ह करायला लावला होता. 11 तारखेला दुपारी त्यांना अनोळखी नंबरवरून व्हॉट्सॲप आलं. वर अण्णांचा फोटो, खाली इंग्रजीत, मी मीटिंगमध्ये आहे, फोन करू नका, ग्राहकाला द्यायला लगेच गिफ्ट कार्ड घेऊन त्यांचे कोड पाठवा. अण्णा तेव्हा शेजारच्या शेडमध्ये फर्नेसपाशी उभे होते. मॅडम मोबाईल घेऊन थेट त्यांच्याकडं गेल्या. पैसे गेले नाहीत, म्हणून आम्ही नंबर ब्लॉक केला आणि cybercrime.gov.in वर नोंद केली. पैसे गेले असते तर 1930 वर लगेच फोन करायचा असतो, जितक्या लवकर तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. ईमेल आणि मोबाईल नंबर पोस्टमध्ये घालायचे नाहीत, ते यासाठीच.

ऑक्टोबरमध्ये दिवाळीच्या आधीच्या शनिवारी सुट्टी झाल्यावर मोल्डिंगची दोन पोरं ऑफिसच्या दारात उभी होती. एकाच्या खांद्यावर धुऊन वाळवलेली आठ-दहा गोणपाटं. मॅडम बाहेर आल्या तर दुसऱ्यानं विचारलं, "मॅडम, आपल्या वाळूत बेंटोनाइट घालतोय न्हवं, तसं थोडं मातीत घातलं तर बुरूज धरंल काय?" मॅडम दारातच उभ्या राहून विचार करू लागल्या. म्हणाल्या, "धरंल, पण वाळताना जास्त आकसंल. आधी एक छोटा बुरूज करून बघू." आणि तिघंही तसेच वाळूच्या शेडकडं गेले.